सालेहभाईच्या नावापुढं काय लिहायचं

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा कागद टाइपरायटरला लावला आणि दोनदा काढून टाकला. एक तर सईद सर स्वतः म्हणाले होते, "त्यात काय लिहायचंय, पोरी? एक भाषण होतं, वाचलं, संपलं." आणि दुसरं म्हणजे मला रडू यायचं आणि बोटं भलत्याच अक्षरांवर पडायची. पण काल अप्पाराव सर वर्गात सहज बोलून गेले, "सईदभाई आता फार गप झालाय," आणि मला राहवलं नाही. तर ऐका.

जालन्यात कुंडलिका नदीच्या पलीकडं, जुन्या वस्तीत, सईद बिन अवद नावाचे एक मास्तर राहतात. उर्दू शाळेत अरबी शिकवतात. उंच, वाकलेले, सायकल चालवण्यापेक्षा हातात धरून चालणारे. कोणी विचारलं की म्हणतात, "तीबी थकली, मीबी थकलो, एकमेकाला धरून चालून राह्यलो." ते चाऊस लोकांपैकी. निजामाच्या फौजेत नोकरीला म्हणून त्यांचे पणजोबा हद्रमौतहून, म्हणजे अरबस्तानच्या पार खालच्या टोकाहून आले आणि इथंच राहिले. घरात दखनी, बाजारात मराठी, आणि अरबी म्हणाल तर नमाजापुरती. अशी बरीच घरं आपल्या मराठवाड्यात आहेत. पण लिहिता-बोलता येईल अशी अस्सल किताबी अरबी आख्ख्या जमातीत एकट्या सईद सरांना यायची. ती त्यांना थोरल्या भावानं शिकवली होती. सालेहभाईनं.

सालेहभाई आता कुठं आहेत, ते कोणालाच माहीत नाही. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाल्यावर पुष्कळ अरबांना 'बाहेरचे लोक' म्हणून धरून कॅम्पात ठेवलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना जहाजात बसवून अरबस्तानातल्या अदन बंदराला धाडलं. सालेहभाई बाजारात शाई आणायला गेले आणि त्या धरपकडीत सापडले. जन्म जालन्याचा, बाप जालन्याचा, पण नाव अरबी. त्यानंतर एक जण सांगायचा, मी त्यांना मुंबईच्या गोदीत बघितलं. दुसरा सांगायचा, कॅम्पातच तापानं गेले. तिसरा म्हणायचा, अदनला दुकान टाकलंय. तिघंही शपथेवर सांगायचे. तेव्हा सईद सर शाळकरी पोर होते, आणि सालेहभाईंची बायको, जैनबभाभी, नवी नवरी होती. हातातल्या लग्नाच्या बांगड्यांचा रंगही उडाला नव्हता.

आता गोष्ट अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यातली. जमातीच्या शाळेला नवा हॉल बांधला होता, आणि सौदीतल्या जिद्द्याहून तीन पाहुणे येणार होते. मूळचे हद्रमौतचेच, तिकडं व्यापारात चांगले शिरलेले. हैदराबादला नातेवाइकांकडं आले होते, तिथून जालन्याला यायचं कबूल केलं होतं. जमातीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, अब्दुल्लासेठ, परतूरचे, ट्रकवाले. ते एका दुपारी सईद सरांच्या ओसरीवर येऊन टेकले आणि चार टंकलिखित पानं पुढं केली.

"सईद, हे स्वागताचं भाषण. अप्पाराव सरांनी इंग्रजीत लिहून दिलंय, एकदम फर्मास. तहसीलदार साहेब येणार, त्यांच्यासाठी इंग्रजीच्या प्रती सायक्लोस्टाइल करून टाकल्यात. आता पाहुण्यांसाठी याची अरबी कर. बाजारी न्हाई, बिलकुल खानदानी अरबी."

"वाचणार कोण?"

"मीच! सदर कोण आहे?"

"सेठ, तुम्हाला अरबीचा एक शब्द तरी कळतो का?"

"कळायला कशाला पाहिजे? कुराण न्हाई का वाचत मी रोज? तू फक्त प्रत्येक अक्षरावर जेर-जबर बराबर दे. मी असा वाचतो की पाहुण्याला वाटेल माणूस मक्केतूनच आला."

त्यांचं खरंच होतं. अरबीत नुसती अक्षरं लिहिली तर अर्थ कळणाराच नीट वाचू शकतो. पण वर-खाली जेर, जबर, पेशच्या खुणा दिल्या की कुराण वाचायची सवय असलेला कोणीही घडाघडा वाचतो, अर्थ कळो ना कळो. सईद सर हसले. पानं घेतली. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, म्हणून ती पानं घेऊन ते रोज शाळा सुटल्यावर अप्पाराव सरांच्या घरी जाऊ लागले.

अप्पाराव सर आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवतात. गाव हसनाबाद. वडील धर्मांतराच्या सभेला नागपूरला गेल्ते, आणि परत आल्यावर पहिली गोष्ट काय केली तर पोराला शाळेत घातलं, असं सर अभिमानानं सांगतात. दोघांची दोस्ती जुनी. एक इंग्रजी वाक्य वाचायचा, मराठीत फोडून सांगायचा, दुसरा डोळे मिटून बसायचा आणि मग बोरूनं उजवीकडून डावीकडं लिहायला लागायचा. कांताबाई, म्हणजे अप्पाराव सरांच्या पत्नी, चहा ठेवून जाता जाता म्हणायच्या, "एक जण इकडून लिहितंय, दुसरं तिकडून. मधी टक्कर व्हायची एखांदे दिवशी."

पहिल्याच ओळीला अडलं. अप्पाराव सरांनी लिहिलं होतं, सन्माननीय पाहुणे, बंधू आणि भगिनींनो.

"अशी सुरुवात न्हाई होत," सईद सर म्हणाले. "आधी अल्लाचं नाव, मग त्याची तारीफ, मग पैगंबरांवर सलाम. मग 'अम्मा बाद', म्हणजे आता मुद्द्याचं. तेव्हा कुठं पाहुणा."

"म्हणजे माझा पाहुणा दारातच उभा की, सईदभाई!"

"उभा राहू द्या. अरबाला तेच बराबर वाटतं. थेट घुसलं तर तो म्हणेल, हे कोणत्या घरचे?"

परतूरला तर फार मजा. अरबीत 'प' नाही. सईद सरांनी 'बरतूर' लिहिलं. अप्पाराव सर मांडीवर हात मारून हसले. "अब्दुल्लासेठचं गावच बदललं! सांगू नका आधी, स्टेजवरच कळू द्या."

पण पुढच्या पानावर हसू थांबलं. इंग्रजीत होतं, 'जालन्याची अरब कम्युनिटी'. सईद सरांनी बोरू खाली ठेवला.

"याला सरळ शब्द आहे. जालिया. पेपरात तोच लिहितात. पण जालिया म्हणजे आपला मुलूख सोडून परक्या मुलखात राहणारे."

"मंग?"

"मंग काय. याच एका गोष्टीवरून माझ्या भावाला उचललं ना, सर. तुम्ही बाहेरचे. आता आम्हीच आमच्या तोंडानं, माईकवर, आम्ही बाहेरचे म्हणून सांगू?"

अप्पाराव सरांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "आम्ही तर गावातच जलमलो, गावातच मेलो, तरी आमाला गावाबाहेरचेच म्हणत होते. काय लिहिता मंग?"

"जालन्याची लेकरं. अब्ना जालना."

"लिहा. माझ्या इंग्रजीपेक्षा ते बरं आहे."

आणि मग आला तो परिच्छेद. साधाच होता. 'ज्यांनी या शाळेचा पाया घातला त्यांची आम्ही कृतज्ञतेनं आठवण करतो,' आणि खाली सहा नावं. अब्दुल्लासेठनं तोंडी सांगितलेली, अप्पाराव सरांनी टाइप केलेली. चौथं नाव सालेह बिन अवद. कारण शाळा नव्हती तेव्हा सालेहभाईच मशिदीच्या पडवीत पोरांना जमवून शिकवायचे.

अप्पाराव सरांना काहीच वाटलं नाही. वाटणार कसं? इंग्रजीत आठवण जित्याचीही काढता येते आणि मेल्याचीही. नाव लिहिलं, स्वल्पविराम दिला, पुढं गेलं. पण अरबीत, त्यातून अशा भाषणात, मोठ्या माणसाचं नाव असं उघडंबोडकं टाकत नाहीत. जित्या माणसाच्या नावापुढं 'हफिजहुल्लाह', अल्ला त्याला सुखरूप ठेवो. मेलेल्याच्या नावापुढं 'रहिमहुल्लाह', अल्ला त्याच्यावर रहम करो. बाकी पाचही जण कबरस्तानात होते, त्यांच्या कबरी सईद सरांनी पाहिल्या होत्या. पाच ठिकाणी हात न थांबता चालला. चौथ्या नावापुढं बोटभर जागा मोकळी राहिली.

"काय झालं?" अप्पाराव सरांनी विचारलं.

सईद सरांनी सांगितलं. अप्पाराव सरांचा चेहरा उतरला. "हा रिवाज मला माहीत असता तर नाव असं घातलंच नसतं हो. काढून टाकू का?"

"इंग्रजी प्रती छापून झाल्या. तहसीलदाराच्या हातात सहा नावं, आणि सेठच्या तोंडात पाच? आणि काढू का म्हणता? पाया त्यानंच घातलाय, सर."

"मंग नुसतंच ठेवा. पुढं काहीच नका लिहू."

"पाच जणांपुढं दुआ आणि एक मोकळा? पाहुणे म्हणतील हा जिता आहे. खुर्च्यांमध्ये शोधतील. विचारतील, सालेह कुठाय, पुढं बोलवा त्याला."

हे बोलून झाल्यावर सईद सरांनी खरंच दाराकडं बघितलं. अप्पाराव सर सांगतात, त्यांच्याबरोबर मीपण बघितलं.

त्या दिवसापासून सईद सरांना झोप नीट लागेना. घरी आल्यावर ते लिहिलेलं मोठ्यानं वाचून बघायचे, कारण अशी अरबी कानाला लागायला पाहिजे, वाक्याच्या शेवटी शेवट जुळायला पाहिजे. अंगणात पाठमोरे बसून वाचायचे. पहिल्याच दिवशी वाचता वाचता त्यांना जाणवलं की स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबलाय. वळून बघितलं तर जैनबभाभी उंबऱ्यावर उभी. हात पिठाचे. डोक्यावरची ओढणी सारखी करत होती, घाईघाईनं, कोणीतरी घरी आल्यासारखी. सईद सर दिसले तशी ती आत गेली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. आवाज. अरबी वाचताना निघतो तो आवाज त्यांचा नव्हताच, तो सालेहभाईंचा होता. शब्द ओढायची पद्धत, मध्ये श्वास घ्यायची जागा, सगळं. शिकवणाऱ्याचा गळा शिकणाऱ्यात उतरला होता, आणि सईद सर तर आता सालेहभाई गेले तेव्हाच्या वयाच्याही कितीतरी पुढं गेले होते. म्हणजे घरात एका म्हाताऱ्या होत चाललेल्या सालेहभाईंचा आवाज घुमत होता. जो आवाज असा कधी कोणी ऐकलाच नव्हता.

पुढच्या दिवशी ते हळू वाचायला लागले. तरी पुन्हा भांडी थांबलीच.

शेवटी ते अब्दुल्लासेठकडं गेले. सेठ ट्रकच्या टायरवर काठी आपटून हवा बघत होते.

"लिही की रहिमहुल्लाह," सेठ म्हणाले. "तीस वर्ष झाले, सईद. जिता असता तर एक चिठ्ठी न्हाई टाकली असती?"

"आणि भाभी?"

"भाभीला काय अरबी कळतंय?"

"सेठ, आख्ख्या भाषणात इथल्या माणसाला कळेल असा तोच एक शब्द आहे. लहान पोराला कळतो. पडद्यामागं बायका बसणार. तुम्ही म्हणलं रहिमहुल्लाह, की त्याच संध्याकाळी चार जणी घरी येतील, तिच्या बांगड्या फोडतील, तिला चार महिने दहा दिवस घरात इद्दतीला बसवतील. मी लिहिलेल्या कागदावरून."

"भाषणानं कोणी बेवा होत नसते. त्याला काजी लागतो."

"काजी माणसाला कागदावर मारतो. हे तर माईकवरून."

सेठनं काठी खाली टाकली. मोठा आडमाप माणूस, पण आवाज एकदम खाली आला. "मंग हफिजहुल्लाह लिही. मी तेबी वाचतो. पण पाहुण्यानं विचारलं, कुठं असतात सध्या, तर उत्तर तू दे. मला जमायचं न्हाई."

सईद सर सायकल हातात धरून घरी आले.

जैनबभाभी अंगणात सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत बसली होती. ऊन उतरतीला लागलेलं. ती मान वर न करता म्हणाली (घरात ते दखनीत बोलतात, मी आपली मराठीत सांगते), "सईद, तू रोज एका जागी येऊन थांबतोस. तीन नावं घेतोस, चौथं घेतोस, आणि गप होतोस. मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं."

सईद सर उभेच राहिले.

"चौथं नाव त्यांचं आहे. ऐकू येतं मला. पुढं काय लिहायचं ते सुचेना का?"

"भाभी, तुम्हाला कसं—"

"माझ्या बापाच्या नावापुढं काय म्हणतात, माझ्या आईच्या नावापुढं काय म्हणतात, ते मला माहीत नाही का? बस खाली. मान दुखते वर बघून."

ते बसले. ती खडे वेचत राहिली.

"लिही रहिमहुल्लाह."

"नाही."

"का नाही?"

"तुम्ही इतकी वर्षं वाट बघितली..."

"मी?" तिनं पहिल्यांदा वर बघितलं. "मी कुठं वाट बघितली रे? मी पहिलं वर्ष बघितली. दुसरं बघितली. मग माझ्या आतून कळलं. बाईला कळतं ते. मी सासूबाईंना म्हणाले, मला रडू द्या. तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, सईदसमोर नको. पोरगं रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसतं. तू बांगड्या उतरवल्यास तर ते मरून जाईल. म्हणून ठेवल्या. मग सासूबाई गेल्या. मग तू मोठा झालास, मास्तर झालास, लग्न केलं नाहीस. मी विचारलं का नाही करत, तर म्हणालास, भाई आल्यावर. मग मी काय करू? कोणासाठी उतरवू? तू डोळे लावून बसलास, मी तुझ्याकडं बघून बसले."

सारी जिंदगी सईद सरांना वाटत होतं की आपण भाभीची आस सांभाळतोय. दारावर थाप पडली की आधी तिच्याकडं बघायचं, आणि तीही त्यांच्याकडं बघायची. दोघं एकमेकांचं तोंड बघून समजायचे, अजून आस आहे.

"आणि आता तू वाचतोस," भाभी सूप बाजूला ठेवत म्हणाली, "ते अंगणात बसून वाचून राह्यले असं वाटतं मला. रोज येतात आणि रोज जातात. एकदाचं गेलेलं बरं नाही का, सईद? मला रडायचंय. तीस वर्षांचं अडलंय माझं. एवढं लिहून दे मला."

सुपातली ज्वारी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सईद सरांनी सकाळीच पक्की प्रत करायला घेतली. जाड कागद, काळी शाई, नव्यानं तासलेला बोरू. सालेहभाईंनी त्यांचा हात हातात धरून वळण शिकवलं होतं. 'रे' या अक्षराची शेपटी लांब खाली सोडायची, ती सालेहभाईंची खास लकब. पुस्तकात तशी नसते. सईद सरांचीही तशीच पडायची, हजारदा पडली होती. पहिलं नाव, रहिमहुल्लाह. दुसरं, रहिमहुल्लाह. तिसरं. मग सालेह बिन अवद. हात थांबला, आणि मग चालला. 'रे'ची शेपटी खाली उतरली.

ते अप्पाराव सरांना नंतर म्हणाले, "सर, मी ते लिहिलंच न्हाई. शाई वाळताना बघितलं तर अक्षर त्याचं होतं. त्यानंच स्वतःच्या नावापुढं लिहून टाकलं, आणि कागद माझ्याकडं सरकवला."

कार्यक्रम झाला. हॉल भरला होता. भोकरदन, परतूर, कुठून कुठून लोक आल्ते. तहसीलदार पुढच्या खुर्चीत इंग्रजी प्रत घेऊन बसलेले, अप्पाराव सर शेजारी. सेठनं शेरवानी घातली होती, ती पोटावर ताणली होती. आणि काय वाचलं म्हणता! एक जेर चुकला नाही. पाहुणे मान डोलवत होते. 'बरतूर' आलं तेव्हा परतूरच्या बाकावरून कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "अरे, आपलंच गाव वाटतं!" आणि सगळा हॉल हसला. सेठनं चष्म्यावरून एकदा बघितलं आणि पुढं गेले.

मग नावं आली. पहिलं, रहिमहुल्लाह. लोक पुटपुटले, आमीन. दुसरं. तिसरं. चौथ्या नावाला सेठ थांबले. कागदावर होतं, त्यांना दिसत होतं, पण त्यांचे ओठ हलेनात. त्यांनी खाली सईद सरांकडं बघितलं. आख्खा हॉल सईद सरांकडं बघायला लागला. जुन्या लोकांना तर माहीतच होतं.

सईद सरांनी मान हलवली. वाचा.

"सालेह बिन अवद, रहिमहुल्लाह."

आमीन कोणी म्हणालं नाही. आणि मग पडद्यामागून एका बाईचा रडण्याचा आवाज आला. एकदम मोठा, मोकळा, लाज न धरलेला. तहसीलदार दचकले, इंग्रजी प्रतीत बोट ठेवून बघायला लागले, की असं काय लिहिलंय इथं. त्यांच्या प्रतीत फक्त नाव होतं आणि स्वल्पविराम.

कार्यक्रमानंतर पाहुण्यांमधले सगळ्यात म्हातारे शेख उमर सईद सरांपाशी आले. पांढरी दाढी, हातात काठी. विचारलं, हे कोणी लिहिलं? मी. मग काठीवर दोन्ही हात ठेवून विचारलं, त्या चौथ्यांची कबर कुठं आहे? सईद सर म्हणाले, माहीत नाही. अदन असेल, समुद्र असेल, वाट असेल. मेले हेसुद्धा माहीत नाही, फक्त आज लिहिलं.

शेख उमरांनी आम्ही ओळखतो, पाहिलंय, असलं काही सांगितलं नाही. सईद सर मनातून त्याचीच वाट बघत होते, हे त्यांनी स्वतः मला सांगितलंय. त्या एका क्षणी जर म्हाताऱ्यानं म्हटलं असतं, सालेह? तो तर जिद्द्यात माझ्या शेजारी राहतो, तर? पण म्हातारा एवढंच म्हणाला, "तुम्ही शाफई पंथाचे आहात ना, आमच्यासारखे? मग आपल्यात गैरहाजिराच्या जनाज्याची नमाज आहे. मयत समोर नसली तरी पढता येते. मी उद्या सकाळी निघणार. त्याआधी पढू."

आणि सकाळी पढली. हॉलच्या समोरच्या मोकळ्या जागेत रांगा लागल्या. पुढं शेख उमर, आणि त्यांच्या पुढं काहीच नाही. जिथं जनाजा ठेवतात तिथं नुसती माती, आणि मातीवर कोवळं ऊन. अब्दुल्लासेठ रांगेत मुसमुसत होते. अप्पाराव सर बाजूला कडुनिंबाखाली चपला काढून उभे होते. या नमाजीत वाकायचं नसतं, जमिनीला डोकं टेकायचं नसतं, नुसतं उभं राहायचं. सगळे त्या रिकाम्या जागेकडं तोंड करून उभे होते.

नियत, म्हणजे संकल्प, मनात करायची असते. इमामाच्या मागं, या गैरहाजिर मयताची नमाज, एवढंच. सईद सर सांगतात, "सगळ्यांनी केली. मीबी केली. पण माझ्या आत एक शब्द जास्त लागला, पोरी. 'जर'. जर तो मेला असेल तर. मी लई दाबला तो. गेला न्हाई. नियत कोणी वाचत नसतं म्हणून चालून गेलं."

जैनबभाभी इद्दतीला बसली. बायका आल्या, बांगड्या उतरवल्या. ती पोटभर रडली आणि मग गाढ झोपली. आता ती बरीय. मोहल्ल्यातल्या मुलींना शिवण शिकवते, हसते, कधीकधी सालेहभाईंची नक्कलसुद्धा करून दाखवते. तिचं मोकळं झालं.

सईद सरांचं नाही झालं. ते तसेच शाळेत जातात. अंगणात वाचणं मात्र त्यांनी सोडून दिलं, भाभीला पुन्हा कोणी आल्याचा भास नको म्हणून. आधी निदान रस्त्यात लोक थांबून विचारायचे, "सईदभाई, सालेहभाईंची काही खबर?" आणि ते म्हणायचे, "न्हाई अजून," आणि त्या निमित्तानं दोन गोष्टी निघायच्या. आता कोणी विचारत नाही. मेलेल्या माणसाची खबर कोण विचारतं? सगळ्यांसाठी ते संपलं. एका माणसाच्या मनात फक्त तो 'जर' राहिलाय, आणि तो कोणाजवळ काढावा ते त्यांना कळत नाही.

हे वाचून तुम्ही नुसते हळहळलात तर त्याचा काही उपयोग नाही. तुम्ही एक करा. शाळा सुटल्यावर सईद सर तिथल्याच मागच्या खोलीत एकटेच बसलेले असतात, दार उघडंच असतं. सरळ आत जा. माझं नाव सांगू नका, रागावतील. खुर्ची ओढून बसा आणि म्हणा, "सर, सालेहभाई कसे होते?" मग नुसतं ऐका. पण जायचं तर लवकर जा. परीक्षा झाल्यावर नाही, दिवाळीनंतर नाही. या आठवड्यातच जा.